पुडिंगला जाळी का पडते?

गेल्या रविवारी भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. ताटलीत उलथवलेलं कॅरॅमल पुडिंग, वरून तपकिरी पाक ओघळलेला, आणि सगळ्या बाजूंनी टाचणीच्या डोक्याएवढी भोकंच भोकं. खाली एक ओळ: "मावशी, याला पुडिंग म्हणू की भांडी घासायचा स्पंज?" पाठोपाठ तक्रार. मिश्रण दोनदा गाळलं होतं, डबा ओट्यावर ठोकून बुडबुडे काढले होते, व्हिडिओत सांगितलं तसं सगळं केलं होतं. तरी असं का?

मी एवढंच विचारलं, "कुकरचं झाकण लावलं होतंस ना? आणि गॅस?" उत्तर आलं, "झाकण लावलं होतं, शिट्टी काढली होती. गॅस मध्यम." तिने गाळण्यात कसूर केली नव्हती. घोळ गॅसवर झाला होता. घरोघरी हेच होतं. भोकं म्हणजे हवा, म्हणून आपण हवेच्या मागे लागतो आणि आचेकडे बघतच नाही.

आधी नावाचा गोंधळ

मराठी घरात कस्टर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पिवळी पावडर, आणि तिच्यात केळं-सफरचंद घालून केलेलं फ्रूट कस्टर्ड. त्या पावडरीत अंडं नसतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती १८३७ मध्ये तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. पावडरीत दाटपणा येतो तो मक्याच्या पिठामुळे, आणि त्या पिठाला चांगली उकळी लागते.

इथे बोलायचं आहे ते अंड्याच्या कस्टर्डबद्दल, म्हणजे दूध, साखर आणि अंडं एवढ्यावरच घट्ट होणाऱ्या पदार्थाबद्दल. इराण्याच्या हॉटेलात वाट्यांमधून मिळतं ते, गोव्यात घरोघरी होतं ते, पारशी लग्नाच्या पानात जायफळ-वेलचीच्या वासाचं, वरून भाजलेलं असतं तेही. याला उकळी म्हणजे विष. पावडरीचं शास्त्र अंड्याला लावलं की पहिलाच घास चिवट लागतो.

अंडं घट्ट होतं म्हणजे काय होतं

कच्च्या अंड्यात पाणी पुष्कळ असतं आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. प्रथिन म्हणजे एक लांब धागा. मात्र तो सरळ नसतो, लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो. गुंडे एकमेकांना धक्के देत फिरतात, अडकत नाहीत, म्हणून कच्चं अंडं पातळ असतं. ऊन लागलं की गुंडे उलगडतात आणि मोकळे झालेले धागे एकमेकांत गुंततात. त्यांची जाळी होते आणि तिच्या घरांमध्ये पाणी अडकून राहतं. पुडिंग म्हणजे हीच जाळी, दूध धरून ठेवलेली.

जाळी सैल विणली असेल तर पुडिंग लुसलुशीत होतं. ऊन वाढत गेलं की धागे आणखी जवळ येतात, जाळी आवळते आणि घरांतलं पाणी बाहेर पडतं. ओला पंचा पिळल्यासारखंच. धागे आवळले म्हणून चिवटपणा येतो, आणि पिळून निघालेलं पाणी ताटलीत पाकाच्या कडेने पातळ होऊन पसरतं. पुडिंगला पाणी सुटलं आणि ते रबरासारखं झालं, या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

नुसतं अंडं साधारण ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतं. दूध घातलं की धागे एकमेकांपासून लांब जातात, आणि साखर त्यांच्या उलगडण्याला आडकाठी करते. त्यामुळे पुडिंगचं मिश्रण सुमारे ७८ ते ८० अंशांना धरतं. ८५ च्या पुढे जाळी आवळायला लागते. म्हणजे नीट जमण्यात आणि बिघडण्यात जेमतेम पाच-सात अंशांचं अंतर आहे. कुकरमधली वाफ १०० अंशांची. सगळी भानगड या दोन आकड्यांत आहे.

जाता जाता एक गंमत. दुधाऐवजी नुसतं साखरपाणी घालून हेच केलं तर धड घट्ट होत नाही. धाग्यांना एकमेकांजवळ यायला दुधातले क्षार मदत करतात.

भोक कुठे आहे, ते आधी बघा

सगळी भोकं एका कारणाने पडत नाहीत. पुडिंग कापून उजेडात धरलं तर ती स्वतःच सांगतात. फक्त लक्षात ठेवायचं, की उलथवल्यावर डब्यातली वरची बाजू ताटलीत खाली गेलेली असते.

डब्यात जी वरची बाजू होती तिथेच, एका पातळ थरात, साबणाच्या फेसासारखे गोल बुडबुडे दिसत असतील तर तो अंडं फेटतानाचा फेस. हा दोष दिसायला वाईट, चवीला निरुपद्रवी. उलथवल्यावर तो तळाशी लपतो, पाहुण्यांना कळतही नाही.

त्याच बाजूला उथळ खळगे आणि त्यात पाणी असेल, तर ते झाकणावरून टपकलेले वाफेचे थेंब. डब्यावर फॉइल घट्ट बसवली की हे बंद होतं.

आणि भोकं डब्याच्या भिंतीला लागून असतील, कडेकडून आत वेड्यावाकड्या नळ्यांसारखी गेली असतील आणि मधला भाग त्यामानाने गुळगुळीत असेल, तर कारण एकच: जास्त आच. भिंतीजवळ ऊन आधी पोचतं, म्हणून भोकं तिथून सुरू होतात. भाचीच्या फोटोत हेच होतं. अशा तुकड्याला बोटाने दाबलं तर तो दबून परत वर येतो आणि भोकांमधून पाणी झिरपतं.

जपानमध्ये चवानमुशी नावाचं तिखटामिठाचं वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड करतात. त्यात पडणाऱ्या या भोकांना तिकडे वेगळा शब्द आहे, 'सु'. दोष इतका नेहमीचा, की त्याचं बारसं करावं लागलं.

तोच बुडबुडा: दुप्पट की सातपट?

भाचीचा पुढचा प्रश्न बरोबर होता. "मी गाळलं, ठोकलं, तर मग हवा आली कुठून?"

हवा पूर्ण जात नाही. डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे मिश्रणात राहतातच, थोडी हवा दुधात विरघळलेलीही असते. त्याने बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, कारण बुडबुड्यात नुसती हवा नसते. भोवतालचं पाणी वाफ होऊन त्यात शिरत असतं, आणि जितकं ऊन जास्त तितकी वाफ जास्त. फुगा तोच, फुंकणारा वाफेचा.

हिशेब सोपा आहे. खोलीच्या तापमानाला असलेला बुडबुडा, त्याला अडवायला काही नसेल तर, ८० अंशांना साधारण दुप्पट होतो. दुप्पट होऊनही तो दिसत नाही. तोच बुडबुडा ९५ अंशांना जवळजवळ सातपट होतो, कारण उकळीच्या जवळ गेल्यावर वाफेचा जोर एकदम वाढतो. १०० ला पोचला तर त्याला धरबंधच नाही. शिवाय या वेळेपर्यंत भोवतालचं पुडिंग घट्ट झालेलं असतं. बुडबुड्याला वर निसटायला वाट नसते, म्हणून तो जाळी फाडत वाढतो. पुडिंग थंड झालं की वाफ विरते, भोक मात्र तसंच राहतं.

म्हणजे गाळणं आणि ठोकणं हे बियाणं कमी करणं झालं, आणि आच हे पाणी. बियाणं थोडं राहिलं तरी चालतं. पाणी तोडलं नाही तर मात्र रान माजणारच.

दुसऱ्या रविवारचं पुडिंग

पुढच्या रविवारी ती घरीच आली. सहा इंची स्टीलचा डबा घेतला. अर्धा लिटर फुल क्रीम दूध, चार अंडी, ८० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचा एक चमचा. पाकासाठी आणखी ७० ग्रॅम साखर, ती डब्यातच गॅसवर विरघळवून मधाहून गडद रंगावर उतरवली आणि डबा पकडीत फिरवून तळभर पसरवली. ती कडकडीत होऊन तडकल्याचा आवाज येतो, त्याला घाबरायचं नाही. रात्रभरात पुडिंगच्या ओलाव्याने तिचा पुन्हा पाक होतो.

दूध उकळलेलं होतं, ते आपल्याकडे असतंच. या सवयीचा इथे फायदा होतो, उकळताना दुधातली विरघळलेली हवा निघून जाते. साखर घालून ते पुन्हा गरम केलं, बोट बुडवून दोन-तीन सेकंद जेमतेम ठेवता येईल एवढंच. गार मिश्रण वाफेवर ठेवलं तर मधलं धरेपर्यंत कडा जास्त शिजते. आधीच कोमट असलं की कडा आणि मध्य यांच्यातलं अंतर कमी राहतं.

अंडी फेटायला ती बीटर घेऊन उभी होती. तो काढून घेतला आणि काटा दिला. काटा भांड्याच्या तळाला टेकवून रेघा ओढल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरवायचा, वर उचलायचा नाही. पांढरा तुटला पाहिजे, फेस व्हायला नको. केकसाठी अंडं फेटताना आपण हवा भरतो, इथे अगदी उलट. मग कोमट दूध बारीक धारेने, भांड्याच्या कडेवरून, उंचावरून नाही. बारीक गाळणीतून गाळलं तेव्हा गाळणीत पांढऱ्याची दोरी आणि गुठळ्या राहिल्या. त्या पुडिंगमध्ये गेल्या असत्या तर दाताखाली आल्या असत्या. वीस मिनिटं तसंच ठेवलं. वर आलेला फेस चमच्याने काढला, उरलेले दोन-चार बुडबुडे दातकोरणीने फोडले. डब्यात ओतल्यावर थर दीड इंचाच्या आसपास झाला. याहून जाड केला तर मधलं शिजेपर्यंत कडेची परीक्षा होते.

आता खरं काम. कुकरचं झाकण बाजूला ठेवलं. ते लावायचंच नव्हतं. कुकरच्या तळाशी जाळी, तिच्यावर जुन्या सुती कपड्याची घडी, त्यावर फॉइलने बंद केलेला डबा. डब्याच्या निम्म्यापर्यंत येईल एवढं गरम पाणी. कुकरच्या तोंडावर लाकडी चमचा आडवा टाकला आणि वर ताट ठेवलं, म्हणजे एका बाजूने बोटभर फट राहिली. त्या फटीतून थोडी वाफ जाते, थोडी गार हवा आत येते, आणि आतलं तापमान १०० च्या खाली राहतं. पूर्ण झाकलं असतं तर मंद गॅसवरही पाणी हळूहळू उकळीला आलं असतं.

पाण्याकडे बघून आच ठरवायची. तळाशी बारीक बुडबुडे सुटावेत, पृष्ठभाग नुसता थरथरावा. डबा खडखडायला लागला की समजायचं पाणी उकळतंय, गॅस कमी करायचा, किंवा फुलपात्रभर गार पाणी ओतायचं. भाची म्हणाली, मागच्या वेळी खडखड ऐकू येत होती, तिला वाटलं शिजतंय. शिजत होतंच!

ओव्हन असेल तर याच तत्त्वाने: १५० अंश, खोल ट्रेमध्ये कापडाची घडी, डबा, निम्म्यापर्यंत गरम पाणी. ट्रे झाकायचा नाही. उघड्या पाण्याची वाफ होत राहते आणि ती पाण्याचंच ऊन घेऊन जाते. माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणाने ओव्हन दीडशेवर असूनही ते पाणी उकळत नाही.

उतरवायचं कधी

बहुतेकजण इथे चुकतात, आणि चूक शहाणपणातून होते. मध्ये सुरी खुपसायची आणि ती स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं, हे केकचं शास्त्र. पुडिंगमध्ये मधली सुरी स्वच्छ निघते तोवर कडा केव्हाच पुढे गेलेली असते.

पंचविसाव्या मिनिटाला पहिल्यांदा ताट उचललं, फॉइलचं टोक वर करून डबा हळूच हलवला. कडेचा भाग जागचा हलला नाही, मध्ये मात्र लाट उठली, दुधासारखी. कच्चं. पुन्हा झाकलं. चौतिसाव्या मिनिटाला लाट गेली होती. सगळा पृष्ठभाग एकसंध हलत होता, मध्ये नाण्याएवढा भाग थोडा जास्त थरथरत होता, ताज्या लावलेल्या दह्याचं भांडं हलवल्यावर दिसतं तसा. हीच वेळ. सुरी घालायचीच असेल तर कडा आणि मध्य यांच्या बरोबर मध्ये घालावी. माझ्याकडे काटेरी थर्मामीटर आहे, तो मध्यभागी ७९ दाखवत होता. नसला तरी थरथर पुरते.

डबा लगेच पाण्याबाहेर काढायचा. पुडिंगच्या अंगात ऊन असतं, ते आत शिजवत राहतं, आणि मधला थरथरता भाग त्याच्यावर धरतो. गॅस बंद करून डबा गरम पाण्यातच विसरला तर सगळी मेहनत फुकट. घरच्या पुडिंगची निम्मी भोकं माझ्या मते या विसरण्यात पडतात. मग खोलीत गार करून फ्रिजमध्ये किमान पाच-सहा तास, रात्रभर उत्तम. गार होताना जाळी आणखी घट्ट होते, म्हणून गरम असताना ढिलं वाटलं तरी घाईने परत चढवू नये.

"पण आमच्याकडे शिट्ट्या करूनच होतं"

होतं, नाकारत नाही. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि पुडिंग दहा मिनिटांत घट्ट होतं. ते गुळगुळीत मात्र होत नाही. अनेक घरांत तीच चव लहानपणापासून जिभेवर असते आणि भोकांत मुरलेला पाक आवडतो. त्यांनी बदलू नये. खरवसाचंही हेच आहे. चीक वाफेवर धरतो तोही प्रथिनांमुळेच, आणि आच जास्त झाली की खरवसालाही जाळी पडून पाणी सुटतं. काही घरांत जाळीदार खरवसालाच मान असतो. आवडीचा प्रश्न वेगळा, कारणाचा वेगळा.

कुणी म्हणेल, मिल्कमेड, ब्रेड किंवा कॉर्नफ्लोअर घातलेलं पुडिंग उकळीतही बिघडत नाही. ब्रेड आणि कॉर्नफ्लोअर यांत पिष्ट असतं. ते फुगून धाग्यांच्या मध्ये बसतं आणि त्यांना आवळू देत नाही, म्हणून ते पुडिंग सोसतं. बदल्यात ते थोडं पिठूळ लागतं. मिल्कमेडमध्ये पिष्ट नाही. त्याच्या साखरेमुळे थोडी सूट मिळते, उकळीची नाही.

पुडिंग मऊ पडलं तर अंडी वाढवावीत का? अर्धा लिटरला चारवर पाच-सहा अंडी घातली तर ते उभं राहील, पण जाळी दाट विणली जाईल आणि चिवटपणा आच न वाढवताही येईल. जास्त मुलायम हवं असेल तर एका पांढऱ्याऐवजी एक बलक घालावा. बलकातल्या स्निग्धतेमुळे जाळी मऊ राहते. मात्र ते उलथवताना जरा जपून.

आणि अंड्याचा वास? लोक व्हॅनिला वाढवतात. तो उग्र वास बराचसा पांढऱ्याला जास्त ऊन लागल्यावर त्यातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूचा असतो, उकडलेल्या अंड्याला जास्त वेळ ठेवलं की येतो तोच. आच सांभाळली तर चमचाभर व्हॅनिला पुष्कळ झाला.

उंचीबद्दल एकच गोष्ट. पाणी उकळण्याचं तापमान दर तीनशे मीटरला साधारण एका अंशाने उतरतं. महाबळेश्वरला उकळी ९५-९६ अंशांनाच येते. त्याने पुडिंग वाचत नाही. बुडबुड्याला फुगायला उकळीची जवळीक लागते, आणि तिथे उकळीच खाली उतरलेली असते.

सोमवारी सकाळी पुडिंग उलथवलं. सुरी कडेने फिरवली, ताटली ठेवली, एकदा झटका दिला. आतून हवा शिरल्याचा 'फस्' आवाज आला आणि ते ताटलीत उतरून दोन वेळा डुललं. कापल्यावर भाचीने तुकडा खिडकीकडे धरला, तळाच्या कडेला बोट लावलं आणि म्हणाली, "इथे तीन बुडबुडे आहेत." होते खरे, गोल, फेसाचे. काटा तिने दोनदा वर उचलला होता.